ओसंडणं, सांडणं की पाझरणं? 'स्पिलओव्हर'साठी शब्द हवाय

मुक्ता
सागरी संरक्षित क्षेत्रांवरच्या एका माहितीपुस्तिकेचा अनुवाद चालू आहे. वाक्याचा आशय असा : जिथे मासेमारी पूर्ण आणि कायमची बंद असते तिथे मासे मोठे होतात, आणि त्यांचा 'स्पिलओव्हर' शेजारच्या पाण्यात जाळी टाकणाऱ्यांना मिळतो. मी लिहिलं, 'मासे उतू जाऊन शेजारच्या पाण्यात येतात.' संपादकांनी ते खोडलं; म्हणाले, उतू जातं ते दूध. त्यांचा शब्द 'अधिप्रवाह'. पुस्तिका मच्छीमारांसाठी आहे, त्यांच्या तोंडी हा बसेल असं वाटत नाही. 'नो-टेक झोन'चंही त्यांनी 'अस्पर्श क्षेत्र' केलंय. काय करावं?

व्युत्पन्न
'ओसंडणे' असताना अधिप्रवाह कशाला? माझ्या मते हा 'अवस्यंद्'वरून आलेला अस्सल शब्द आहे : भरून काठावरून वाहणे. उतू जायला विस्तव लागतो, ओसंडायला नुसतं भरलेपण पुरतं. क्षेत्र माशांनी भरलं की मासे ओसंडतात. प्रश्न मिटला.

सई
अवस्यंद् कशावरून? 'ओ' आणि 'सांडणे' असा सरळ फोड करता येतो की. आणि ज्यांना वाचायचंय ते 'ओव्हरफ्लो' सर्रास म्हणतात.

खलाशी
व्युत्पत्ती बाजूला ठेवतो, कारण 'भरलं की ओसंडतं' हे चित्रच अर्धं बरोबर आहे. गर्दी वाढली की काही मासे खाद्य आणि कपारी शोधत बाहेर पडतात, इथपर्यंत ठीक. पण क्षेत्र काठोकाठ भरण्याची वाट मासे बघत नाहीत. प्रत्येक माशाचा रोजच्या वावराचा एक टापू असतो. हद्दीलगत राहणाऱ्या माशाचा टापू अर्धा आत, अर्धा बाहेर पडतो, त्यामुळे तो पहिल्या दिवसापासूनच बाहेर येत असतो. काही जाती लहानपणी उथळ पाण्यात वाढतात आणि मोठ्या झाल्या की खोल पाण्यात उतरतात. त्यांना गर्दीशी काही देणंघेणं नाही, त्या वयानुसार बाहेर पडतात. म्हणून 'ओसंडणे' लिहिलंत तर वाचणारा विचारेल की क्षेत्र भरणार कधी, आणि तोवर आम्ही काय करायचं?

'अस्पर्श' मात्र नकोच. न्यूझीलंडमधलं ली इथलं क्षेत्र 1975 पासून मासेमारीला बंद आहे, पण लोक तिथे पोहतात, पाण्यात उतरून मासे बघतात. बंदी काढून नेण्यावर आहे, शिवण्यावर नाही. साधं 'मासेमारीबंदी क्षेत्र' म्हणा.

नाना
हे तर पूर्वीपासून चालत आलंय. विणीच्या दिवसांत बंदी असतेच. त्याला नवा शब्द कशाला? आणि एकदा बंदी उठली की मासळी चांगली लागते, हाच तुमचा स्पिलओव्हर.

खलाशी
नानासाहेब, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. हंगामी बंदीत मासा वीण उरकेपर्यंत वाचतो, पण बंदी उठताच जाळ्यात येतो. त्याला पुढची दहा वर्षं मिळत नाहीत, आणि आकार वयातूनच येतो. मासा प्रौढ झाल्यावरही वाढत राहतो. जाळ्याची आस, म्हणजे त्यातल्या भोकाचा आकार, ठरावीक मापाची असते, त्या मापाला पोचला की तो पकडला जातो. म्हणून बाहेरच्या पाण्यात बहुतेक मासे त्या मापाच्या आसपासचेच दिसतात.

याचा सगळ्यात स्पष्ट दाखला फ्लोरिडातल्या मेरिट बेटाजवळ आहे. तिथलं पाणी 1962 मध्ये मासे वाचवायला नव्हे, तर अवकाशतळाच्या सुरक्षेसाठी बंद झालं. पुढे गळाने पकडलेल्या विक्रमी वजनाच्या माशांच्या नोंदी त्या बंद पाण्याच्या आसपास गोळा होऊ लागल्या. काळ्या ड्रम जातीचा मासा सत्तर वर्षांपर्यंत जगतो. अशा जातीचे विक्रम दिसायला काही दशकं गेली, अल्पायुषी जातींचे त्याआधीच दिसले. मुक्ताताई, शब्द कुठलाही घ्या, 'दोन-चार वर्षांत' असं मात्र त्यात डोकावू देऊ नका.

सई
मग 'सांडणे'च का नको? जुन्या मराठीत सांडणे म्हणजे सोडणे, टाकून देणे. 'लाज सांडली' म्हणतो तेव्हा लाज काही काठोकाठ भरलेली नसते. मासे क्षेत्र सांडतात, म्हणजे सोडून जातात. भरलेपणाची अटच उरत नाही.

व्युत्पन्न
आजच्या वाचकाच्या मनात सांडलं म्हणजे वाया गेलं. 'मासे सांडले' वाचून तो टोपली उलटली असं समजेल. जुना अर्थ जिवंत करायला माहितीपुस्तिका ही जागा नव्हे.

सई
हे तुम्ही म्हणताय? अवस्यंद् काढून दाखवणारे?

खलाशी
वाया जाण्याची छटा अगदीच चुकीची नाही. आतल्या बाजूने पाहिलं तर बाहेर गेलेला प्रत्येक मासा हा तोटाच आहे. म्हणून मला 'पाझर' जवळचा वाटतो. पाझर हळू असतो, तो जास्त ओलीकडून कमी ओलीकडे जातो, आणि भिंत कशाची आहे त्यावर किती पाझरेल ते ठरतं. इथेही तसंच आहे. हद्द एकाच सलग खडकाळ भागाच्या मधून गेली असेल, तर मासा ती न जाणताच ओलांडतो. तीच हद्द खडक संपून मोकळी वाळू लागते तिथे आखली, तर खडकात राहणारा मासा वाळूवर उघडा पडायला तयार होत नाही आणि पाझर फार थोडा राहतो.

उलटी बाजूही आहे. क्षेत्र माशाच्या वावराच्या टापूपेक्षा लहान असेल तर सगळंच पाझरतं. आत कोणी म्हातारं होत नाही, मग मोठे मासेही नाहीत आणि शेजाऱ्यांना द्यायलाही काही नाही.

नाना
बरं, पण पकडणाऱ्याला शेवटी जास्त मिळतं का? कारण आधी त्याची जागा गेलेली असते. आमच्याकडे तळ्याचा एक कोपरा जाळी टाकायला बंद केला होता, तर उरलेल्या भागात सगळ्यांची गर्दी झाली.

खलाशी
हाच खरा प्रश्न, आणि तुम्ही सांगितलेली गर्दी समुद्रातही होते. भूमध्य समुद्रातल्या, स्पेनच्या कोलुम्ब्रेतेस बेटांभोवती 1990 पासून मासेमारी बंद आहे. तिथे शेवंडींना खुणेच्या पट्ट्या लावून आत सोडलं, मग बाहेरच्या जाळ्यांत त्यातल्या किती आणि कुठे सापडतात ते वर्षानुवर्षं नोंदवलं. बंदीला आठ ते सतरा वर्षं झाली होती त्या काळाचा हिशेब असा : क्षेत्र बंद केल्यामुळे गेलेली पकड वजा करूनही, बाहेर आलेल्या शेवंडींमुळे वर्षाला सरासरी दहा टक्के जास्त माल मिळत होता. हे दहा टक्के वजनात आहेत. आतून येणारी शेवंड बाहेरच्या शेवंडीपेक्षा मोठी असते, आणि फायदा त्यातून आला. म्हणजे तुमच्या वाक्यातली 'मोठे होतात' आणि 'बाहेर येतात' ही दोन टोकं एकमेकांवर टेकलेली आहेत, ताई. 'आणि' न लिहिता 'मोठे होऊन' लिहा.

आता गर्दीचं. अशा हद्दीला चिकटून लोक जाळी लावतात. त्यामुळे अगदी रेषेवर दर जाळ्यामागे मिळणारी पकड थोडी पडलेली दिसते, जरा पुढे ती बरी असते, आणि आणखी लांब गेल्यावर पुन्हा उतरते. फक्त रेषेवर मोजणाऱ्याला वाटेल की पाझर नाहीच, पण तो आधीच उचलला गेलेला असतो. म्हणून मोजताना हद्दीपासूनचं अंतर आणि जाळ्यांची संख्या, दोन्ही लिहून ठेवावी लागतात.

हरी
शेवंड मासा आहे का पण? पुस्तिकेत 'मासे' लिहून दाखला शेवंडीचा देणं चालेल?

व्युत्पन्न
नाही चालणार. शेवंड कवचधारी. 'जलचर' लिहा.

सई
बाजारात ती मासळीतच मोडते. पुस्तिका प्राणिशास्त्राच्या परीक्षेची नाही.

हरी
'मासे' आणि 'मासळी' यांत फरक आहे हे तरी मान्य? मासळी म्हणजे पकडलेला माल. पाण्यात असतात ते मासे.

मुक्ता
मूळ प्रश्न राहू दे, कारण आता दुसरी अडचण आलीय. पुढच्याच परिच्छेदात क्षेत्रातली अंडी आणि पिल्लं प्रवाहाबरोबर दूर जातात असं आहे. पुस्तिका त्यालाही स्पिलओव्हरच म्हणते. त्यालाही पाझरच म्हणू?

खलाशी
नका म्हणू. तिथे पुस्तिकेनेच गोंधळ केलाय. मोठ्या माशांचा पाझर हद्दीपासून साधारण काही शे मीटर ते एखादा किलोमीटर जातो. अंडी आणि डिंभ, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, प्रवाहावर दहा-वीस किलोमीटर किंवा त्याहून लांब जातात. पहिल्याचा फायदा शेजाऱ्याला दिसतो. दुसरा कुठे पोचला हे डोळ्यांनी कधीच दिसत नाही, त्यासाठी पिल्लं आणि आतले मासे यांचं जनुकीय नातं तपासावं लागतं. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफवर केपेल बेटांजवळ तसं तपासलं. प्रवाळखडकांचा साधारण 28 टक्के भाग बंद होता, आणि त्या तपासणीवरून काढलेला अंदाज असा की दोन जातींच्या नव्या पिल्लांपैकी जवळपास निम्मी तिथल्या माशांची होती.

मोठा मासा इथे वेगळ्याच कारणाने मोलाचा ठरतो. अटलांटिक कॉडची 30 किलोची एक मादी जेवढी अंडी देते, तेवढी दोन-दोन किलोच्या 28 माद्या मिळूनही देत नाहीत. त्या 28 जणींचं एकत्र वजन 56 किलो भरतं, तरीही. वजन दुप्पट झालं की गाभोळी दुपटीहून जास्त होते.

सई
मग याला 'बीज' म्हणा. मत्स्यबीज शब्द रुळलेला आहे. 'बीज दूरवर पसरतं.'

व्युत्पन्न
मत्स्यबीज म्हणजे तळ्यात सोडायला पुरवलेली बोटभर पिल्लं. अंड्यांना आणि डिंभांना बीज म्हणणं ढिसाळपणा आहे.

खलाशी
पुरवठ्याच्या व्यवहारात अर्थ तसाच आहे, मान्य. म्हणूनच वाचणाऱ्याला वाटेल की क्षेत्रातून पिल्लं आणून सोडायची आहेत. 'अंडी-पिल्लं वाहून जातात' एवढंच लिहा, नाम करूच नका.

मुक्ता
सध्या असं लिहिलंय : 'मासेमारीबंदी क्षेत्रात मासे मोठे होऊन हळूहळू हद्दीबाहेर पाझरतात, त्यांची अंडी-पिल्लं प्रवाहाबरोबर लांबवर वाहून जातात.' संपादक म्हणतात, पाझरतं ते पाणी, मासा नव्हे.

व्युत्पन्न
म्हणूनच म्हणत होतो, ओसंडणे.

हरी
आणि 'मासे' की 'मासळी', ते ठरलं का?