नागपूरच्या घरातील नव्या भाडेकरूंसाठी स्वागतपत्र व माहिती: मसुद्यावर सूचना हव्यात

प्रेषक: मृणाल (टोरोंटो)

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

नागपुरातील प्रतापनगरचे आमचे घर एप्रिलपासून एका चौघांच्या कुटुंबाला भाड्याने दिले आहे. रत्नागिरीहून बँकेच्या बदलीवर येणाऱ्या या मंडळींनी विदर्भातला उन्हाळा पाहिलेला नाही आणि कूलरही कधी वापरलेला नाही. त्यांच्यासाठी लिहिलेला मसुदा खाली देत आहे. नागपुरात घर असलेल्यांनी त्यातील उणिवा कळवाव्यात, ही विनंती.

«आपल्या कुटुंबाचे या घरात मनःपूर्वक स्वागत. नळाला पाणी पहाटे साडेपाच ते साडेसात या वेळात येते आणि ते खालच्या टाकीत पडते. तेथून मोटर लावून गच्चीवरची ७५० लिटरची टाकी रोज सकाळीच भरून घ्यावी आणि टाकीच्या वरच्या नळीतून पाणी वाहू लागताच मोटर बंद करावी. स्वयंपाकघरातील डावीकडचा नळ थेट लाइनीवर आहे, म्हणून पिण्याचे पाणी त्यातूनच आणि त्याच वेळात भरावे. दाब कमी वाटला तरी नळाला टुल्लू पंप जोडू नये. तो नियमबाह्य आहे, महापालिका जप्त करते आणि शेजाऱ्यांचे पाणी तुटते ते वेगळेच. जलवाहिनीच्या कामासाठी शटडाऊन असल्याची सूचना वर्तमानपत्रात येते. त्यानंतरचे पहिले पाणी गढूळ असल्यास थोडा वेळ वाहू द्यावे आणि मगच भरावे.

कचरागाडी सकाळी आठच्या सुमारास येते. ओला आणि सुका कचरा वेगळ्या डब्यांत द्यावा, डायपर व सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून निराळे द्यावेत. गाडी चुकल्यास पिशवी फाटकाबाहेर ठेवू नये, कारण गाई आणि कुत्री ती काही मिनिटांत फोडतात.

हॉलमध्ये आणि झोपण्याच्या खोलीत असे दोन कूलर आहेत. तातडीच्या वेळी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, आगीसाठी १०१, गॅसगळतीसाठी १९०६ आणि वीज गेल्यास महावितरणचा १९१२ हे क्रमांक वापरावेत. त्यानंतर मला कळवावे.»

प्रेषक: वसंतकाका (नागपूर)

चि. मृणाल, अनेक आशीर्वाद.

पाण्याचा भाग तू उत्तम लिहिला आहेस. परंतु कूलरला एकच ओळ दिली आहेस आणि त्या घरात सर्वांत जास्त जपावे लागेल ते त्यालाच. वीज खात्यातील नोकरीत मी कूलरचे अपघात जवळून पाहिले आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

लोखंडी पत्र्याचे शरीर, आत पाणी आणि पाण्यात बुडालेली विजेची छोटी मोटर असे हे यंत्र आहे. मोटरचे आवरण तडकले, तर प्रवाह पाण्यातून पत्र्यावर येतो आणि अर्थिंग चांगले नसेल, तर हात लावणाराच त्याची वाट होतो. त्यामुळे पाणी भरताना नुसते बटण बंद करून न थांबता प्लग काढावा आणि ओल्या पायांनी कूलरला हात लावू नये, हे ठळक अक्षरांत लिही. पत्र्याला हात लागताच झिणझिण्या आल्या, तर तो कूलर त्या दिवसापासून बंद. आणखी एक गोष्ट: मे महिन्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो आणि त्याचे काम मंदावते; आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी ओतावे. तुझ्या घरी तो खड्डा मागच्या भिंतीलगत आहे.

माझ्या बहिणीच्या भाडेकरूंकडे घडलेला प्रकार सांगतो. मीटरपाशी बसवलेले, प्रवाह गळताच वीज तोडणारे आरसीसीबी कूलर लावला की पडायचे. कूलरचा पंखा एकटा चालवला तर काही होत नव्हते, पाण्याची मोटर सुरू केली की लगेच पडे. म्हणजे दोष मोटरीतच होता आणि नवी मोटर बसवताच प्रकरण संपले. पण तोवर कोणीतरी बोलावलेल्या मिस्त्रीने आरसीसीबी वगळून तारा थेट जोडून दिल्या होत्या. «आरसीसीबी वारंवार पडू लागल्यास ते कोणाकडूनही काढून टाकू नये», हे वाक्य घालच, आणि दर महिन्याला त्यावरील टेस्टचे बटण दाबून ते पडते का पाहण्यास सांग.

रत्नागिरीची माणसे खिडक्या बंद करून कूलर लावतील, याची मला खात्री वाटते. समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे हवे, नाहीतर खोली दमट होऊन अंग चिकचिकते. पाऊस सुरू झाल्यावर मोटर बंद ठेवून नुसता पंखा चालवावा.

प्रेषक: शोभा (दुबई)

मृणालताई, माहितीपत्रिका ठीक आहे, परंतु पोलीस पडताळणी आणि भाडेकराराची नोंदणी झाली का? आमच्या धरमपेठेतील भाडेकरूंनी अनामत रकमेवरून फार त्रास दिला होता.

प्रेषक: समीर (सिडनी)

पाण्याची बचत होईल अशी एक सूचना. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाते. ते बादलीत साठवून कूलरमध्ये ओतावे, असे पत्रिकेत लिहावे. आमच्या आई-बाबांकडे तसेच करतात.

प्रेषक: वसंतकाका (नागपूर)

समीर, पाणी वाचवण्याचा विचार योग्य आहे, पण त्या पाण्याने फरशी पुसावी. त्यात क्षार आधीच जास्त असतात आणि कूलरमध्ये पाणी उडून जाते, क्षार मात्र मागेच राहतात. मग खस पांढरी आणि कडक होते, तिच्यातून हवा जात नाही आणि मोटरची जाळीही तुंबते. बोरिंगच्या पाण्यानेही हेच होते.

मृणाल, पाण्याचा हिशेब त्यांना मांडून दे. मोठा कूलर मेच्या दुपारी तासाला आठ-नऊ लिटर पाणी पितो, रात्री चार-पाच. दिवसा आठ तास एक आणि रात्री आठ तास दुसरा, असे धरले तर रोज साधारण ११० लिटर झाले. चौघांचा माणशी १३५ लिटरप्रमाणे वापर ५४० लिटर. म्हणजे ७५० च्या टाकीत जेमतेम १०० लिटर उरतात. शटडाऊनच्या आदल्या सकाळी टाकी काठोकाठ भरली नाही, तर दुसऱ्या दिवशी दुपारी कूलर कोरडा पडेल आणि पाण्याविना चालू राहिलेली मोटर जळेल.

आठवड्यातून एकदा कूलर पूर्ण रिकामा करून आतल्या कडा ब्रशने घासायला सांग. डेंग्यूच्या डासांची अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटतात. नुसते पाणी बदलल्याने ती जात नाहीत.

प्रेषक: मृणाल (टोरोंटो)

काका, आपले सर्व मुद्दे «कूलर» अशा स्वतंत्र शीर्षकाखाली घेतले आहेत आणि हे पान हॉलमधल्या स्विचबोर्डाजवळ चिकटवायला सांगणार आहे. शोभाताई, करार नोंदवला आहे आणि पोलिसांकडे माहितीही दिली आहे.

आपत्कालीन भागात एक बदल करते. नागपुरात पहाटे सहाला नळ कोरडा निघाला, तर तेव्हा माझ्याकडे आदल्या दिवशीची रात्री साडेआठची वेळ असते, म्हणून फोन लागेल. पण त्यांच्या भर दुपारी मी झोपेत असते. त्यामुळे मला फोन करण्यापूर्वी प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि तळमजल्यावरच्या काकू यांचे क्रमांक असतील, आणि «दुरुस्तीसाठी माझ्या संमतीची वाट पाहू नये, पावती ठेवावी» असे लिहीन. संमतीविना किती रकमेपर्यंत खर्च करावा, हे अद्याप ठरवता आलेले नाही. इतरांनी किती मर्यादा ठेवली आहे?

शिवाय, जुनी खस हंगामाअखेरीस ओल्या कचऱ्यात द्यायची की सुक्या, हेही कोणी सांगावे. आमच्याकडची खस लाकडाच्या भुशाची असून तिच्यावर तारेची जाळी असते.

प्रेषक: वसंतकाका (नागपूर)

जाळी भंगारवाल्याला द्यावी. खशीबद्दल आमच्या गल्लीतले दोन गाडीवाले दोन उत्तरे देतात; मी ती वाळवून सुक्यात देतो. आणि गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाला बिजागरी नाही, वादळात ते उडते. एप्रिलआधी तारेने बांधून घ्यायला हवे. मी रविवारी जाऊन बांधून येतो, किल्ली तळमजल्यावर ठेवायला सांग.