सल्ला हवा: पार्ट्यांना स्वतःच ऑर्डर, बिलं, बाकी बघता यावी आणि पैसे भरता यावेत असं पोर्टल

इतवारी_वायर
नमस्कार मंडळी. इतवारीत आमचं वायर-केबल आणि स्विचगिअरचं होलसेलचं काम आहे, गोडाऊन वाडीला. पार्ट्या दोनशेच्या वर. त्यात निम्मे गोंदिया, भंडारा, चंद्रपूरकडचे दुकानदार, बाकी कंत्राटदार आणि हिंगणा-बुटीबोरीच्या काही कंपन्या. आमचा अकाउंटंट अर्धा दिवस फोनवर तीनच प्रश्नांची उत्तरं देतो: माझा माल कधी निघणार, बिल पाठवा, बाकी किती. हे पार्टीने लॉगिन करून स्वतः बघावं, बिल उतरवून घ्यावं आणि जमलं तर तिथेच पैसे भरावेत, एवढंच पाहिजे. बिलिंग टॅलीत आहे. बजेट दीड लाख, वर्षाला तीस हजार देखभाल. त्याच्या वर जाणार नाही. कोणी केलंय का? स्क्रीनवर काय ठेवलं?

बुटीबोरीकर
आम्ही सरळ ईआरपी घेतली. साडेसहा लाख लागले, पण ऑर्डर, गेटपास, बिल, वसुली सगळं एकाच जागी. टॅलीला राम राम ठोका, तरच काही होईल. अर्धवट कामाला पैसे घालवू नका.

इतवारी_वायर
भाऊ, बजेट वाचलं का?

बुटीबोरीकर
वाचलं. म्हणूनच सांगतोय.

मामा_ट्रेडर्स
काऊन एवढा खटाटोप करून राहिले भाऊ? महिन्याच्या एक तारखेले लेजर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा, खाली क्यूआर चिकटवायचा. आम्ही तेच करून राहिलो. ज्याले द्यायचे तो देते, ज्याले नाही द्यायचे त्याले पोर्टल काय अन् पंगत काय.

धरमपेठी
बिलांसाठी वेगळं पोर्टल कशाला? जीएसटीच्या साइटवर २बी मध्ये सगळी बिलं दिसतातच की.

हिशोबनीस
धरमपेठी, २बी मध्ये बिलाचा नंबर, तारीख, रक्कम आणि कर दिसतो. कोणती केबल किती मीटर आली ते दिसत नाही, आणि बिलाची पीडीएफ तिथे मिळत नाही. पार्टीला माल मोजून घ्यायला बिलच लागतं.

इतवारी_वायर, पोर्टल कसं दिसावं ते नंतर बघा. आधी हे तपासा की तुमच्याकडची 'बाकी' आणि पार्टीच्या वहीतली 'बाकी' हा एकच आकडा आहे का. बहुतेक ठिकाणी नसतो, आणि पोर्टल तिथेच आपटतं.

हिंगण्याची एखादी कंपनी धरा. बिल १,१८,००० चं, त्यात माल एक लाखाचा आणि जीएसटी १८,०००. त्यांनी ५,००० चा माल परत केला, म्हणजे करासकट ५,९०० ची क्रेडिट नोट. कंपनीची उलाढाल दहा कोटींच्या वर आहे आणि तुमच्याकडची वर्षाची खरेदी पन्नास लाखांच्या पुढे गेली आहे, म्हणून ती मालाच्या रकमेवर ०.१ टक्का टीडीएस कापते, म्हणजे शंभर रुपये. तिच्या हिशोबाने देणं झालं १,१२,०००.

तुमच्या पोर्टलवर मात्र १,१८,००० दिसतात आणि खाली एकच बटण आहे, 'पूर्ण रक्कम भरा'. त्यांचा अकाउंटंट सहा हजार जास्त भरणार नाही. तो पोर्टल बंद करेल, नेहमीसारखं एनईएफटी करेल आणि परत तुम्हालाच फोन करेल.

आता क्रेडिट नोटचं बघा. टॅलीत ती त्याच बिलाला `Agst Ref` लावून टाकली असेल तर बिल १,१२,१०० वर येतं. घाईघाईत `On Account` टाकली असेल तर लेजरची एकूण शिल्लक बरोबर दिसते, पण बिल १,१८,००० चंच उघडं राहतं. तुमच्या ऑफिसात हे खपून जातं, कारण सगळे शिल्लक बघतात. पोर्टल बिलवार यादी उचलतं, तिथे ते थेट गिऱ्हाइकाला दिसतं. आजच दहा मोठ्या पार्ट्यांची बिलवार थकबाकी उघडा. जिथे `On Account` ची ओळ दिसेल, तिथले तेवढे पैसे किंवा नोट अजून कुठल्याच बिलाला लागलेली नाही असं समजा. हे साफ केल्याशिवाय एक रुपयाही पोर्टलवर खर्च करू नका.

इतवारी_वायर
ताई, चार पार्ट्या बघितल्या, तिघांकडे ती ओळ आहे. एकाची तर २०२२ पासूनची.

कोडकाका
हिशोबनीस बरोबर बोलतायत, पण हे सगळं व्हर्च्युअल खात्याने सुटतं. बँक प्रत्येक पार्टीला वेगळा खाते नंबर देते, पैसे तुमच्या एकाच करंट खात्यात पडतात आणि पार्टी आपोआप ओळखू येते. बिलं आपोआप मिटतात. गेटवेची कटकटच नको.

हिशोबनीस
पार्टी ओळखू येते हे खरं. पैसे कोणत्या बिलाचे ते बँकेला कुठून कळणार? त्यासाठी पार्टीला आधी पोर्टलवर बिलांवर खुणा करू द्या. प्रत्येक बिलापुढे रक्कम बदलता येईल असा रकाना ठेवा. कमी भरायचं असेल तर कारण निवडता आलं पाहिजे: टीडीएस, माल परत, दरफरक, किंवा उरलेले नंतर देतो. त्या कारणाने बिल लगेच कमी होऊ देऊ नका, आधी तुमच्या अकाउंटंटची मंजुरी लागू द्या. मग पोर्टल सांगेल, या खाते नंबरवर १,१२,००० पाठवा. तेवढीच रक्कम त्या खात्यावर आली की जोडी जुळते. ५० रुपये इकडेतिकडे झाले तर माणसाने बघायचं.

बुटीबोरीकर
आमच्या ईआरपीत सरळ जुनं बिल आधी मिटतं. खुणाबिणा काही नाही.

हिशोबनीस
आणि जुन्या बिलाच्या मालाचं भांडण चालू असेल तर? पार्टीने ते मुद्दाम अडवून ठेवलेलं असतं. तुम्ही तिच्या नव्या बिलाचे पैसे जुन्याला लावले की तिचा हिशोब एक सांगतो आणि तुमचा दुसरा.

बुटीबोरीकर
भांडण असेल तर फोन करायचा. त्यासाठी सॉफ्टवेअर कशाला बिघडवायचं?

कॉटनमार्केट_३
मी विकणारा नाही, घेणारा आहे. एका पुरवठादाराने असंच पोर्टल दिलं होतं. बिल उतरवायची लिंक अशी: `/invoice/download?id=4812`. सहज शेवटचा आकडा बदलला तर दुसऱ्याच दुकानाचं बिल उतरलं! त्याच मालावर त्याला माझ्यापेक्षा चार टक्के जास्त सूट. दुसऱ्या दिवशी जाऊन भाव पाडून घेतला, ते सोडा. पण तुमच्या पार्ट्याही हेच करतील हे ध्यानात ठेवा.

मामा_ट्रेडर्स
कोणता पुरवठादार? नाव सांगा न भाऊ 😀

कोडकाका
नाव राहू द्या. इतवारी_वायर, करून देणाऱ्याला एवढं नक्की विचारा: बिल देताना नुसता बिलाचा नंबर बघतो, की लॉगिन कोणाचं आहे तेही? सर्व्हरवर दोन्ही तपासले पाहिजेत.

```sql
SELECT pdf_path FROM invoices
WHERE id = :id AND party_id = :login_party;
```

`party_id` लिंकमधून घ्यायचा नाही, लॉगिनमधूनच घ्यायचा. ताबा घ्यायच्या आधी स्वतः दोन पार्ट्यांची लॉगिनं उघडा आणि एकाची लिंक दुसऱ्यात टाकून बघा. बिल उतरलं तर शेवटचा हप्ता देऊ नका.

धरमपेठी
मग कार्डाने पैसे घ्या ना. लगेच जमा, रक्कम आणि पार्टी दोन्ही कळतं.

इतवारी_वायर
कार्डाला साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी सांगितलाय. १,१२,००० वर २,२४० आणि वर ४०३ रुपये. आमच्या धंद्यात सुटतातच किती! यूपीआयने दिले तर?

कोडकाका
बँक खात्यातून यूपीआय केलं तर दुकानदाराला शुल्क नाही, पण आपल्यासारख्या व्यापाऱ्याला साधारण लाखाची मर्यादा. म्हणजे हे १,१२,००० एका दमात जाणार नाहीत. शिवाय कंपनीत एक जण पैसे टाकतो, दुसरा मंजूर करतो. त्यांना स्क्रीनवरचं बटण कामाचंच नाही, त्यांना खाते नंबर लागतो. दुकानदार मात्र वीस-तीस हजार मोबाइलवरून टाकतील.

गेटवे घेतलाच तर एक सांगतो. पैसे कापले जातात आणि पार्टी त्याच क्षणी मोबाइल खिशात घालते. 'धन्यवाद'चं पान उघडलं तरच पावती लावायची असं कोणी लिहिलं असेल तर पावती लागत नाही, आणि संध्याकाळी पार्टी परत पैसे भरते. गेटवे तुमच्या सर्व्हरला वेगळा निरोप पाठवतो, पावती त्यावर लावायची. तो निरोप दोनदाही येतो, म्हणून पेमेंटचा नंबर आधी नोंदलेला आहे का ते बघूनच जमा करायचं.

हिशोबनीस
यात माझी एक भर. टॅली तुमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आहे, रात्री तो बंद असणार. म्हणून वर ठळक लिहा, 'हिशोब अमुक वाजेपर्यंतचा'. आणि त्यानंतर भरलेली रक्कम 'मिळाली, वहीत चढायची आहे' अशी वेगळी दाखवा. ती दिसली नाही तर लोक घाबरून फोन करतात.

कॉटनमार्केट_३
ऑर्डरचं कोणी बोललंच नाही. मला तर तेच जास्त लागतं. बिलं काय, ट्रकसोबत येतातच.

इतवारी_वायर
तिथे आमची गोची आहे. बिल बनवताना पोरं ऑर्डर नंबर टाकत नाहीत, त्यामुळे माल जाऊनही टॅलीत ऑर्डर उघडीच राहते. मार्चपासूनच्या शेकडो पडून आहेत.

हिशोबनीस
मग त्या पोर्टलवर आणू नका. गेलेला माल 'बाकी' दिसला तर पार्टी तो परत मागेल. जुन्या ऑर्डरी टॅलीत प्री-क्लोज करता येतात. आणि इथून पुढे ऑर्डर नंबराशिवाय बिल छापायचं नाही असा दंडक घाला. दोन महिने नीट चाललं की ऑर्डरी दाखवा.

मामा_ट्रेडर्स
दोन महिने? तुम्ही पोरायले ओळखत नाही ताई.

इतवारी_वायर
सगळ्यांचे आभार. माझं असं ठरलंय. ऑर्डरी सध्या नाहीत. बिलं, बाकी आणि गेटवे, त्यात यूपीआय आणि नेटबँकिंग, कार्ड बंद. व्हर्च्युअल खातं घेत नाही आणि कंपन्यांना पोर्टलवर आणतच नाही. त्या वीस-बावीस आहेत, त्यांचं अकाउंटंट बघेल. दुकानदारांना खुणा करत बसायला वेळ नसतो, म्हणून जुनं बिल आधी. वर्धा रोडच्या एका मुलाने एक लाख दहा हजार सांगितलेत. लिंक बदलून बघायची चाचणी त्याला लिहून दिली आहे, तो थोडा नाराज झाला.

हिशोबनीस
कंपन्या सोडल्यात म्हणजे टीडीएसची कटकट गेली, हे एक बरं केलंत. पण दुकानदारही माल परत करतात. 'हे बिल वादात आहे' एवढी तरी खूण ठेवा, म्हणजे त्याला पैसे लागणार नाहीत. आणि ती `On Account` ची ओळ?

इतवारी_वायर
अकाउंटंटला बसवलंय. तो मला शिव्या घालतोय. वादाची खूण त्या मुलाला विचारतो, जादा पैसे मागितले तर राहू देतो.

बुटीबोरीकर
वर्षभराने ईआरपी घ्यायला याल. नंबर देऊन ठेवतो.

मामा_ट्रेडर्स
ते सगळं बरोबर आहे, पण दीडची ९० मीटरची कॉइल सध्या काय भावानं देऊन राहिले?