मदत हवी आहे: बाबांच्या फीडमध्ये मधूनच टायरचे व्हिडिओ का येतात?

मुग्धा_कराड
बाबा ७१ वर्षांचे. फोनवर कीर्तन आणि पेटीचे धडे, एवढंच पाहतात. परवा मधेच ट्रकचा टायर रिमोल्ड करतानाचा व्हिडिओ आला आणि त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला. दुसऱ्या दिवशी तसलेच चार! आपला फोन कुणीतरी वापरतंय, असं वाटून ते घाबरलेत. काय असेल?

रानवाटा
मलाही बुटांच्या जाहिराती येतात. कुणाला सांगून बंद करायच्या?

सागर_व्ही
नवीन व्हिडिओ आधी थोड्या लोकांना दाखवून पाहतात. बाबा त्या थोड्यांत आले. त्यांच्या आवडीशी याचा संबंध नाही.

अनय७४
सागर, हे अर्धं बरोबर आहे. व्हिडिओची परीक्षा होते तशी माणसाचीही होते. मी शिफारशींच्या सिस्टिमवर काम केलंय. फक्त कीर्तनच दाखवत राहिलं, तर बाबांना आणखी काय आवडतं हे सिस्टिमला कधीच कळणार नाही. म्हणून थोड्या जागा चाचपणीसाठी ठेवतात. टिकटॉकने जून २०२० मध्ये हे उघड लिहिलं होतं की आवडीशी न जुळणारा व्हिडिओ कधीकधी मुद्दाम दाखवला जातो.

आता एकाचे चार कसे झाले? एक सोपा हिशेब घ्या (खरा यापेक्षा बराच गुंतागुंतीचा असतो). पूर्ण पाहिलेल्यांत १ मिळवायचा, दाखवलेल्यांत २, आणि भागायचं. कीर्तनं १०० दाखवली, ६० पूर्ण पाहिली: ६१ भागिले १०२, म्हणजे सुमारे ६० टक्के. टायरचा एकच दाखवला, तो पूर्ण पाहिला: २ भागिले ३, म्हणजे ६७ टक्के. एका व्हिडिओवर टायर कीर्तनाच्या पुढे! पण हा अंदाज कच्चा आहे, म्हणून तो पक्का करायला आणखी दाखवतात. पुढचे तीन बाबांनी लगेच सरकवले, तर २ भागिले ६, म्हणजे ३३ वर येईल आणि टायर मागे पडतील.

मुग्धाताई, आधी पाहिलेल्या व्हिडिओंची यादी उघडा. बाबांनी न पाहिलेले, भलत्याच वेळचे व्हिडिओ त्यात असतील तरच काळजी करा. चाचपणीचा व्हिडिओ बहुधा एकटादुकटा येतो.

मुग्धा_कराड
यादी पाहिली, सगळं त्यांचंच आहे. आता जिवात जीव आला. पण टायरच का? स्वयंपाक का नाही?

सागर_व्ही
चिठ्ठी टाकून निवडत असतील.

अनय७४
तशीही पद्धत आहे. पण पुष्कळदा कीर्तन पाहणारे इतर लोक आणखी काय पाहतात, त्यातून निवडतात. बाबांच्या बाबतीत यातलं कोणतं झालं, ते बाहेरून ओळखता येत नाही. टायर नको असतील तर "रस नाही" दाबा. नुसतं सरकवण्यापेक्षा तो स्पष्ट नकार असतो.

मुग्धा_कराड
दाबायला निघाले होते. बाबा म्हणाले, एक राहू दे, त्या माणसाचा हात चांगला आहे. एकच ठेवता येतो का?