मदत हवी आहे: वन-टेल्ड की टू-टेल्ड? गाइडशी वाद चाललाय

नवीन पद्धतीने शिकवलेला ग्रुप आणि जुन्या पद्धतीचा ग्रुप, दोघांचे मार्क कंपेअर केलेत, झेड आला १.८०. टू-टेल्डने पी व्हॅल्यू ०.०७२ म्हणजे ०.०५ च्या लेव्हलला सिग्निफिकंट नाही, आणि आता गाइड म्हणतायत की अहो नवीन ग्रुपचेच मार्क जास्त दिसतायत ना, मग वन-टेल्ड लावा, पी निम्मी होऊन ०.०३६ होते, काम झालं!

मला हे पटत नाहीये. कारण प्रपोजलमध्ये आपण फक्त 'फरक आहे का' एवढंच लिहिलं होतं. समजा झेड उणे १.८० आला असता तर आपण उलट्या बाजूची टेल घेतली असती, हो की नाही? म्हणजे कटऑफ १.६४५ चा, पण दोन्हीकडून, प्रत्येक बाजूला ५ टक्के. खरा फरक काहीच नसला तरी १० टक्के वेळा 'सिग्निफिकंट' येणार आणि रिपोर्टमध्ये मात्र आपण ५ टक्के लिहिणार. माझं हे गणित बरोबर आहे ना?

दुसरं म्हणजे, दिशा आधीच 'नवीन चांगली' अशी ठरवली असती आणि झेड उणे २.५ आला असता तर पी ०.९९४ धरून 'पुरावा नाही' एवढंच म्हणायचं ना? नवीन पद्धत घातक आहे असं त्या टेस्टवरून म्हणता येणार नाही, बरोबर? मग मार्क कमी होण्याची शक्यताही महत्त्वाची असेल तर मुळात टू-टेल्डच घ्यायला हवी होती असं मला वाटतं.

गाइडना न दुखावता हे कसं सांगू? ०.०७२ च रिपोर्ट करून सोबत कॉन्फिडन्स इंटरव्हल दिला तर चालेल का?