‘नको’चं इंग्रजी: मस्ट नॉट की डोन्ट हॅव टू?

मीनल: ऑफिसातून ग्राहकाला लिहिलं, ‘यू मस्ट नॉट सेंड द ओरिजिनल्स.’ म्हणायचं होतं, मूळ कागद पाठवायला नकोत, झेरॉक्स चालेल. त्यांचा घाबरून फोन: कालच पाठवले, आता काय होईल? माझं चुकलं कुठे?

रानवारा: मस्ट जोरात, शुड त्याहून हळू, माइट नुसती शक्यता. तुम्ही जरा सौम्य, शुड नॉट लिहायचं.

निवृत्त बाई: रानवारा, होकारात तुमची उतरंड चालते, नकारात कोसळते. शुड नॉट लिहिलं तरी अर्थ ‘पाठवू नका’ असाच झाला असता. मस्टला नॉट जोडलं की सक्ती उठत नाही, उलट बंदी येते. सक्ती उठवायला ‘डोन्ट हॅव टू’. मीनल, घोळ आपल्या ‘नको’त आहे. ‘तू यायला नकोस’ म्हणजे ‘नाही आलास तरी चालेल’, आणि आवाज चढला की ‘येऊच नकोस’. तेव्हा आधी ‘नाही केलं तरी चालेल’ असं म्हणून बघा. अर्थ तोच राहिला, तर मस्ट नॉट बाद.

आठवीचा बाबा: मुलीने ‘काल मला थांबावं लागलं’ याचं ‘आय मस्ट हॅव वेटेड’ केलं, गुण गेला. भूतकाळात मस्ट चालत नाही का?

निवृत्त बाई: चालतं, पण अंदाजाला. तिच्या वाक्याचा अर्थ ‘मी थांबले असणार’, जणू स्वतःलाच आठवत नाही! सक्ती घडून गेली की ‘हॅड टू’.

रानवारा: मग ‘तो घरी असावा’ म्हणजे मस्ट बी की माइट बी?

मीनल: माझ्या कानाला माइट.

निवृत्त बाई: माझ्या कानाला मस्टच्या जवळ. ‘असेल’ म्हटलं तर माइट. यावर आमच्या घरातही एकमत नाही. तोवर हे सोडवा.

सोपे (मस्ट नॉट की डोन्ट हॅव टू?)
1. उद्या सुट्टी. यू ___ गेट अप अर्ली.
2. पेट्रोल पंपावर: यू ___ स्मोक हिअर.

मध्यम (इंग्रजी करा)
3. दिवे बंद आहेत, ते झोपले असणार.
4. काल मला चालत जावं लागलं.
5. तू मला सांगायला हवं होतंस.

अवघड
6. गाडी दिसत नाही, तो घरी नसणार.
7. ती कदाचित येणार नाही.

आठवीचा बाबा: मुलीची उत्तरं: 1 डोन्ट हॅव टू, 2 मस्ट नॉट, 3 दे मस्ट बी अस्लीप, 4 आय हॅड टू वॉक, 5 यू शुड हॅव टोल्ड मी, 6 ही मस्ट नॉट बी होम, 7 शी कुड नॉट कम.

निवृत्त बाई: पहिली पाच बरोबर. सातव्यात माइट नॉट. कुड नॉट म्हणजे तिला येता आलं नाही. सहाव्यात कान्ट. नकारातला अंदाज मस्टने होत नाही.

डॅलसकर: बाई, इकडे ‘ही मस्ट नॉट बी होम’ सर्रास म्हणतात, आणि अर्थ ‘घरी नसणार’ हाच. बंदी नव्हे.

निवृत्त बाई: म्हणत असतील. आमच्या पुस्तकांत कान्टच होतं. पण परीक्षक कोण यावर गुण, तेव्हा तिला कान्टच लिहू द्या.

आठवीचा बाबा: ‘लिहू द्या’ म्हणजे शुड की मस्ट?