निफ्टी वर, कॉल खाली: पैसे खाल्ले कुणी?

उदगीरकर: गुरुवारी सकाळी निफ्टी 25,000 ला होता, तेव्हा मंगळवारच्या एक्सपायरीचा 25,300 चा कॉल 46 ला घेतला. सोमवारी बाजार बंद होताना निफ्टी 25,100 आणि कॉल 14! दिशा बरोबर, तरी तोटा. ब्रोकर खातात हे, सरळ लूट आहे.

नांदेडचा जुना ट्रेडर: ब्रोकरवर खापर फोडणं थांबवा. कॉल म्हणजे 25,300 ला निफ्टी घ्यायचा हक्क, निफ्टी त्याच्या खाली असेल तर त्या कॉलला स्वतःची किंमत शून्यच. 46 चे 46 रुपये तुम्ही वेळेसाठी मोजले होते. हेच 100 पॉइंट गुरुवारीच आले असते, तर कॉल 70 च्या आसपास दिसला असता. सोमवारी संध्याकाळी हातात एकच दिवस उरला, आणि अजून 200 पॉइंट बाकी. एवढ्यासाठी 46 कोण देणार? मंगळवारी 25,180 ला बंद झाला तर ते 14 पण गेले. एक्सपायरीपर्यंत धरायचा तर 25,346 च्या वर गेल्याशिवाय फायदा नाही. शेवटच्या दिवसांत वेळ सगळ्यात वेगाने झडते, आणि स्वस्त दिसतो म्हणून लोक नेमका तेव्हाचाच कॉल घेतात.

बीडचा पोरगा: म्हणून मी बाजार पडला की वाढणारा पुटच घेतो. बाजार पडतो तेव्हा झपाट्यानं पडतो, पुटला थिटा, म्हणजे वेळेची झड, लागत नाही.

नांदेडचा जुना ट्रेडर: पडताना घबराटीनं प्रीमियम फुगतो, एवढं खरं. पण बाजार जागेवर बसला की पुटही तसाच झडतो.

लातूरची शेतकरीण: तुमचा निफ्टी राहू द्या. आमच्या सोयाबीनचा वायदा सेबीनं डिसेंबर 2021 मध्ये बंद केला आणि मग मुदत वाढवतच नेली. वायदाच नाही तर ऑप्शन कुठला? पेरतानाच काढणीच्या महिन्याचा 5,000 चा पुट 120 देऊन घेता आला असता, तर क्विंटलला 4,880 तरी पक्के झाले असते. आम्ही आडतीवर उभं राहून मिळेल त्या भावाला घालतो, आणि तुम्ही जुगारासाठी मोकळे!

परभणीचा व्यापारी: ताई, वायद्यानंच भाव पाडले जायचे. आणि भाव 5,600 ला गेला असता तर 120 बुडालेच की.

लातूरची शेतकरीण: बुडू द्या! माल 5,600 नं विकला ना मी. पीकविमा भरल्यावर गारपीट व्हावी असं म्हणतो का कुणी? वायदा बंद करून भाव वाढला का, ते सांगा. 2025-26 चा हमीभाव 5,328 आहे. तुम्ही त्या भावानं घेता का?

परभणीचा व्यापारी: ओलावा बघून घेतो. कमिशन एजंटावर राग काढू नका.

उदगीरकर: माझा प्रश्न बाजूलाच राहिला. ठीक आहे, ब्रोकरनं खाल्लं नसेल. मग विकणाऱ्यानं खाल्लं ना? उद्यापासून मीच विकतो.

नांदेडचा जुना ट्रेडर: 46 घेऊन विकाल, आणि मंगळवारी निफ्टी 25,700 ला गेला तर प्रत्येक युनिटमागं 354 खिशातून जातील. घेणाऱ्याचा तोटा 46 वर थांबतो, विकणाऱ्याचा नाही. आधी मार्जिन किती लागतं ते बघून या.

उदगीरकर: बघतो. पण सोमवारचे 14 मला अजून पटलेले नाहीत.