विमानाला आग लागली की फोम तीन मिनिटांत हवाच का?

मोजपट्टी
२ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ए३५० विमान धावपट्टीवर तटरक्षक दलाच्या विमानाला धडकलं. प्रवासी विमानातले ३७९ च्या ३७९ जण बाहेर पडले. विमान मात्र नंतर कित्येक तास जळत राहिलं आणि त्याची राख झाली. म्हणजे फोमनं विमान वाचलं नाही, आणि माणसं वाचली ती केबिन क्रूमुळे. मग कॉल आल्यापासून तीन मिनिटांत आग विझवणारा फोम पोहोचलाच पाहिजे, या नियमाच्या हट्टापायी विमानतळांनी एवढ्या अवाढव्य अग्निशमन गाड्या आणि चोवीस तास माणसं का पोसायची? तोच पैसा क्रूच्या सरावावर घाला, असं माझं मत.

जुना फायरमन
विमान वाचवणं हे आमचं काम कधीच नव्हतं. ते जळून गेलं तरी चालेल, माणसं उतरेपर्यंत आग आत शिरायला नको, एवढंच.

अपघातात टाकी फुटली की इंधन पंखाखाली पसरतं आणि पेटतं. त्या ज्वाळा ॲल्युमिनियमच्या पत्र्याला लागल्या, तर मिनिटभरात किंवा त्याच्याही आधी पत्रा वितळून भोक पडतं. नुसतं पाणी मारून भागत नाही. इंधन पाण्यापेक्षा हलकं, ते वर तरंगतं आणि पाण्याबरोबर आणखी पसरतं. फोम इंधनावर गोधडीसारखा बसतो, वाफ वर येऊ देत नाही. आणि तोही डबक्यात थेट जोरात मारायचा नाही, बसलेला थर फाटतो. विमानाच्या अंगावरून ओघळेल असा सोडायचा, आधी दरवाज्यांच्या बाजूला. प्रवासी उतरायची घसरगुंडी जिथे टेकते तिथेच जमीन पेटलेली असेल, तर क्रूनं कितीही सराव केलेला असो, तो दरवाजा बादच.

डेपोवाले काका
मी इंधनाच्या डेपोत बरीच वर्षं काढली. आमच्याकडे एका टाकीला आग लागली, तेव्हा फोम गोळा करून मारा सुरू करायला तास गेला. तरी आग विझली, कोणाला इजा नाही. थोडक्यात, घाई नको, साठा भरपूर हवा. अर्धवट फोम मारून संपवला तर आग पुन्हा उसळते.

जुना फायरमन
काका, साठ्याचं तुमचं बरोबर आहे. पण टाकीभोवती बांध असतो, इंधन जागच्या जागी राहतं आणि आत माणसं बसलेली नसतात. तुम्हाला वाट बघणं परवडतं. आमच्याकडे साठाच तोकडा. नवव्या श्रेणीच्या, म्हणजे मोठी रुंद विमानं येणाऱ्या विमानतळाला बी दर्जाच्या फोमसाठी गाड्यांवर मिळून २४,३०० लिटर पाणी लागतं आणि मारा मिनिटाला ९,००० लिटरचा. भागून बघा, पूर्ण जोरात सोडलं तर तीन मिनिटंही पुरत नाही. सगळा हिशेब पहिल्या मिनिटात आग ताब्यात येईल असा धरलेला आहे. डबकं वाढल्यावर पोहोचलात तर तेवढ्याच पाण्यात दुप्पट जागा झाकावी लागते.

वाऱ्यावरची
हे सगळं कागदावर ठीक आहे. २२ ऑगस्ट १९८५, मँचेस्टर. बोइंग ७३७ उड्डाणासाठी धावत असताना डावं इंजिन फुटलं, तुकड्यानं पंखातल्या टाकीचं झाकण फोडलं. विमान थांबल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आसपास पहिली अग्निशमन गाडी हजर होती. तरी १३७ पैकी ५५ जण गेले. तुमच्या तीन मिनिटांच्या कितीतरी आत फोम आला, उपयोग काय झाला?

जुना फायरमन
उपयोग का झाला नाही, ते बघा. टायर फुटला असावा असं वाटून वैमानिकांनी ब्रेक जपून लावले, म्हणजे विमान थांबेपर्यंत इंधन गळत आणि जळतच होतं. मग ते धावपट्टीवरून उजवीकडे जोडरस्त्यावर वळलं. वारा जोराचा नव्हता, पण वळल्यावर तो डावीकडून आला आणि त्यानं ज्वाळा थेट विमानाच्या मागच्या भागावर ढकलल्या. गाडी आली तोवर आग पत्रा भेदून आत चालली होती. त्यात पुढचा उजवा दरवाजा सुरुवातीला अडकला. गेलेल्यांतले बहुतेक जण भाजून नाही, विषारी धुरानं गेले. बाहेरून मारलेला फोम केबिनमधल्या धुराचं काहीच करू शकत नाही.

आमचं घड्याळ कॉल आल्यापासून चालू होतं, आगीचं त्याच्या आधीच सुरू झालेलं असतं. मँचेस्टरला ती आधीची सेकंदंच नडली. त्यावरून उशिरा आलं तरी चालेल असा अर्थ कसा काढता, ताई?

वाऱ्यावरची
तसं मी म्हटलं नाही. लवकर येणं पुरेसं नाही, एवढंच म्हणतेय. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय.

कार्बनकुमार
मँचेस्टरचं विमान जुनं. आता कार्बन फायबरची बॉडी असते, ती ॲल्युमिनियमसारखी वितळत नाही. हानेदाला म्हणून तर वेळ मिळाला. तीन मिनिटांचा नियम आता कालबाह्य झाला आहे.

जुना फायरमन
अर्धं बरोबर. कार्बनची बॉडी ज्वाळा जास्त वेळ अडवते. धातूच्या नव्या विमानांतही खालच्या अर्ध्या भागाला चार मिनिटं टिकेल असं इन्सुलेशन घालतात. पण बॉडी तडकली किंवा दरवाजा उघडला, की आगीला वाट मिळाली. हानेदाला आठपैकी तीनच दरवाजे वापरता आले. शिवाय जगात उडणारी बहुतेक विमानं अजून ॲल्युमिनियमचीच आहेत.

मोजपट्टी
बरं, विमानापाशी फोम हवा हे पटलं. पण तीनच मिनिटं का, पाच का नकोत? आणि ती प्रत्यक्षात पाळली जातात का?

जुना फायरमन
स्टेशनपासून धावपट्टीचं टोक २ किलोमीटरवर आहे असं धरा. कॉल, गाडीत चढणं, शटर उघडणं यात २० सेकंद. भरलेली मोठी गाडी ताशी ८० किलोमीटरला यायला ४० सेकंद घेते, तेवढ्यात साडेचारशे मीटर कापते. उरलेल्या दीड किलोमीटरला ७० सेकंद. वाऱ्याची बाजू बघून गाडी लावणं आणि मॉनिटर, म्हणजे गाडीवरची फोमची तोफ, फिरवणं, १५ सेकंद. झाली जवळपास अडीच मिनिटं. यात कोणी गाडीपर्यंत धावताना अडखळला किंवा ड्रायव्हर एक वळण चुकला, की तीन पूर्ण. म्हणून मोठ्या विमानतळावर दोन स्टेशनं लागतात. आंतरराष्ट्रीय मानक तीन मिनिटांचं आहे, शिफारस दोनची. पाच मिनिटं चालतील म्हणालात, तर ते दुसरं स्टेशन सगळ्यात आधी बंद होईल, आणि नेमकं तेव्हाच कोणाचा तरी पत्रा भेदलेला असेल.

वाऱ्यावरची
आणि घाईत समोर काय आहे ते दिसत नाही, त्याचं काय? सॅन फ्रान्सिस्को, ६ जुलै २०१३, एशियानाचं विमान. बाहेर पडलेली एक मुलगी जमिनीवर होती. काही जवानांनी तिला पाहिलंही होतं, पण तिच्यापाशी खूण केली नाही. मग ती फोमखाली झाकली गेली आणि दोन गाड्या तिच्या अंगावरून गेल्या.

जुना फायरमन
त्याचं समर्थन कोणीच करणार नाही. पण चूक गाडी वेळेत येण्याची नव्हती. आल्यानंतर जागेवर कोणाचा ताबा आहे आणि जमिनीवर कोण आहे, हे कोणी कोणाला सांगितलं नाही, ती होती. फोम टाकलेल्या जागेत गाडी घालायची तर पुढे पायी माणूस चालला पाहिजे.

मोजपट्टी
म्हणजे पहिली तीन मिनिटं धावा आणि पुढे चालत जा. आणि धुकं असेल तर?

जुना फायरमन
मानकातच अट आहे, चांगली दृश्यता आणि कोरडी-स्वच्छ वाट असताना तीन मिनिटं. धुक्यात इन्फ्रारेड कॅमेरा आणि स्क्रीनवरचा नकाशा असलेली गाडी जमेल तेवढी त्या वेळेच्या जवळ जाते. कधी किती लागेल, हे मी सांगू शकत नाही.

वाऱ्यावरची
मग धुक्यात विमानं उतरवताना ही वाढीव मिनिटं कोण मोजतं?

डेपोवाले काका
आमच्याकडे धुकं असलं तर टँकर भरणं थांबवायचो.